डोमेनची मुदत संपल्यावर: वेबसाइट, ईमेल आणि नाव परत मिळवण्याचे दिवस

समजा, देवगडच्या एका आंबा बागायतदाराचं `.com` डोमेन १० मार्च २०२६ ला संपतंय. पेट्यांच्या ऑर्डर वेबसाइटवरून येतात, मुंबई-पुण्याच्या व्यापाऱ्यांशी पत्रव्यवहार त्याच नावाच्या ईमेलवर चालतो. पैसे भरायचे राहून गेले. ११ मार्चला सकाळी उठून बघितलं तर वेबसाइट चालू आहे, मेलही येताहेत. इथेच बहुतेकांची फसगत होते. मुदत संपणं ही एका रात्रीत घडणारी गोष्ट नाही. नाव हातातून एकेक पायरी उतरत जातं. प्रत्येक पायरीवर ते सोडवण्याची रीत वेगळी आणि खर्चही वेगळा. म्हणून पैसे भरायला धावण्याआधी पाच मिनिटं घालवून आपण कोणत्या पायरीवर आहोत ते तपासलेलं बरं.

नाव कोणाकडे असतं

इथे तीन वेगवेगळे दुकानदार आहेत आणि त्यांची गल्लत झाली की चुकीच्या माणसाला फोन जातो. रजिस्ट्री म्हणजे नावाच्या शेवटी येणाऱ्या `.com`, `.in` अशा शेपटीची मुख्य नोंदवही सांभाळणारी संस्था. `.com` साठी ती व्हेरिसाइन, `.in` साठी निक्सी. रजिस्ट्रार म्हणजे ज्याच्याकडे आपण दरवर्षी पैसे भरतो तो. होस्टिंगवाला म्हणजे ज्याच्या सर्व्हरवर आपल्या फाइली आणि मेलबॉक्स असतात तो. डोमेन संपलं म्हणून होस्टिंगवरची एकही फाइल किंवा जुना मेल पुसला जात नाही. घर जागेवर असतं, फक्त पत्ता सांगणारी पाटी निघते. त्यामुळे होस्टिंगचे पैसे भरलेले असले तरी साइट बंद पडू शकते, आणि होस्टिंगवाल्याच्या हातात तेव्हा काही नसतं.

पहिली पायरी: ग्रेस

`.com` सारख्या जागतिक शेपट्यांना आयकॅन या संस्थेचं मुदतबाह्य डोमेनविषयीचं धोरण लागू आहे. ते २०१३ पासून अमलात आहे. त्यानुसार रजिस्ट्रारने मुदतीच्या सुमारे एक महिना आधी आणि सुमारे एक आठवडा आधी अशा दोन सूचना पाठवायच्या असतात, आणि मुदत संपल्यावर पाच दिवसांच्या आत आणखी एक. आपल्या उदाहरणात त्या साधारण १० फेब्रुवारी आणि ३ मार्चला आल्या असतील. तिसरी १५ मार्चपर्यंत यायला हवी.

आता यातली मेख. १० मार्चला रजिस्ट्री ते डोमेन आपणहून एका वर्षाने वाढवते आणि रजिस्ट्रारच्या खात्यातून पैसे कापते. ग्राहकाने पैसे भरले नाहीत तर रजिस्ट्रार ४५ दिवसांच्या आत नाव हटवून आपले पैसे परत घेऊ शकतो. हा हिशेब त्या दोघांमधला आहे. म्हणून या काळात रजिस्ट्रीची नोंद तपासली तर मुदतीची तारीख चक्क १० मार्च २०२७ दिसते. ‘वाढलं की आपोआप’ असं समजून लोक निर्धास्त होतात आणि महिन्याभराने साइट गायब झालेली पाहतात. तारीख बघू नका, स्थिती बघा. ब्राउझरमध्ये lookup.icann.org उघडून नाव टाका, किंवा संगणकाच्या कमांड खिडकीत `example.com` च्या जागी आपलं नाव घालून थेट रजिस्ट्रीला विचारा:

```
curl -s https://rdap.verisign.com/com/v1/domain/example.com
```

उत्तरात `status` या शब्दापाशी `auto renew period` दिसलं, तर रजिस्ट्रीने वर्ष वाढवलं आहे पण ते अजून उलटवता येतं. पैसे भरल्यावरही हा शिक्का काही आठवडे दिसत राहू शकतो, त्यामुळे तो एकटा पुरावा धरू नका. रजिस्ट्रारच्या खात्यात जाऊन तिथली मुदत पाहा. तीच ग्राहकाची खरी तारीख.

ग्रेसमध्ये, म्हणजे मुदतीनंतरच्या या सवलतीच्या काळात, नूतनीकरण बहुधा नेहमीच्याच दरात होतं, काही ठिकाणी थोडा विलंब आकार लागतो. पण ४५ दिवस हा ग्राहकाचा हक्क नाही, हे पक्कं लक्षात ठेवा. रजिस्ट्रार त्यातले किती दिवस देईल हे त्याच्या अटींवर ठरतं. धोरण एवढंच सांगतं की नाव हटवण्याआधी सलग आठ दिवस त्यावरून साइट आणि मेलकडे जाणारी नेहमीची वाट बंद ठेवायची, म्हणजे मालकाच्या ध्यानात येईल, आणि तोवर त्याला नूतनीकरण करू द्यायचं. काही रजिस्ट्रार तिसऱ्या दिवशीच वाट बंद करतात, काही आठवडे थांबतात.

याहून गंभीर गोष्ट लिलावाची. अनेक रजिस्ट्रार ग्रेसच्या काळातच मुदतबाह्य नावं लिलावात काढतात. तुम्ही पैसे भरले नाहीत आणि कोणी बोली जिंकली, तर ते नाव कधी हटवलंच जात नाही, थेट नव्या माणसाच्या खात्यात वळवलं जातं. आणि हटवलं गेलं नाही म्हणजे रिडेम्प्शन, हटवलेलं नाव जुन्या मालकाला सोडवता येण्याची पुढची ३० दिवसांची पायरी, येतच नाही. ‘अजून रिडेम्प्शन आहे ना’ या भरवशावर थांबणारे इथेच नाव गमावतात. आपल्या रजिस्ट्रारच्या अटींत मुदतबाह्य नावांबद्दलचा परिच्छेद शोधून लिलाव कितव्या दिवशी सुरू होतो ते आजच वाचून ठेवा.

वेबसाइटचं काय होतं

वाट बंद होण्याचे दोन प्रकार आहेत. पहिल्यात रजिस्ट्रार तुमचे नेमसर्व्हर, म्हणजे या नावाची साइट आणि मेल कुठे आहेत ते सांगणारे सर्व्हर, बदलून स्वतःचे लावतो. मग तुमच्या पत्त्यावर जाहिराती असलेलं किंवा ‘मुदत संपली’ सांगणारं पान दिसतं. याला पार्किंग म्हणतात. दुसऱ्यात नावाला `client hold` लावलं जातं आणि ते जगाच्या यादीतूनच उतरतं. मग ब्राउझर सर्व्हर सापडत नाही म्हणतो. कोणता प्रकार झालाय ते विंडोज असो वा लिनक्स, या दोन ओळींनी कळतं:

```
nslookup -type=ns example.com 8.8.8.8
nslookup -type=mx example.com 8.8.8.8
```

पहिल्या ओळीच्या उत्तरात तुमचे नेहमीचे नेमसर्व्हर आले तर डोमेनची वाट शाबूत आहे, बिघाड होस्टिंगकडे शोधा. अनोळखी नेमसर्व्हर आले तर पार्किंग. `NXDOMAIN` किंवा `Non-existent domain` आलं तर नाव होल्डवर आहे किंवा पुढच्या पायरीवर घसरलं आहे.

हे सगळ्यांना एकाच वेळी दिसत नाही. `.com` च्या यादीतली नेमसर्व्हरची नोंद १,७२,८०० सेकंद, म्हणजे दोन दिवस, जपून ठेवायला परवानगी असते. त्यामुळे ऑफिसात साइट दिसते आणि घरच्या मोबाइलवर पार्किंग, असं दोन दिवस चालू शकतं. एखाद्या गिऱ्हाईकाने ‘साइट उघडत नाही’ म्हटलं आणि तुमच्याकडे उघडत असेल, तर त्याच्या नेटला दोष देण्याआधी मुदत तपासा.

ईमेलचं नुकसान जास्त, आणि गुपचूप

वेबसाइट बंद पडली की कोणी ना कोणी ओरडतं. ईमेल बंद पडला की शांतता असते. मेल येत नाहीत म्हणजे आज काम कमी आहे असंच वाटतं.

होल्डच्या प्रकारात पाठवणाऱ्याच्या सर्व्हरला नावच सापडत नाही. तो वाट बघत नाही, बहुतेक वेळा लगेच ‘डोमेन सापडलं नाही’ असा बाउन्स परत पाठवतो. एका अर्थी हे बरं, कारण व्यापाऱ्याला कळतं की मेल पोचला नाही आणि तो फोन करतो.

पार्किंगमध्ये गोष्ट अवघड होते. पार्किंगच्या नेमसर्व्हरवर तुमची एमएक्स नोंद, म्हणजे मेल कोणत्या सर्व्हरला द्यायचा ते सांगणारी नोंद, नसते. एमएक्स नसली तर ईमेलचा नियम असा की वेबसाइटच्याच पत्त्यावर मेल द्यायचा प्रयत्न करायचा. तिथे जाहिरातींचा सर्व्हर असतो, तो मेल घेत नाही, जोडणीच होत नाही. मग पाठवणाऱ्याचा सर्व्हर मेल रांगेत ठेवून पुन्हा पुन्हा प्रयत्न करतो. प्रमाणित नियमानुसार हा धीर किमान चार-पाच दिवसांचा असावा. म्हणजे १३ मार्चला पाठवलेली ऑर्डर १७-१८ मार्चला ‘पोचली नाही’ म्हणून परत जाते आणि तोवर दोन्ही बाजू बेफिकीर असतात. यातला दिलासा एवढाच की त्या चार दिवसांत नूतनीकरण होऊन नेमसर्व्हर परत आले, तर रांगेतले मेल आपोआप येऊन पडतात. काही पार्किंग सेवा ‘इथे मेल घेतला जात नाही’ अशी स्पष्ट नोंद ठेवतात, तेव्हा बाउन्स लगेच जातो. आणि पार्किंगचा सर्व्हर मेल स्वीकारणारा निघाला, तर तुमचा पत्रव्यवहार तिऱ्हाईताच्या हाती पडतो.

एकदा बाउन्स झालेला मेल नंतर काहीही केलं तरी येत नाही. तो पाठवणाऱ्यालाच पुन्हा पाठवावा लागतो.

जाणाऱ्या मेलचंही तेच. मेलबॉक्स सुरू असल्याने ‘पाठवा’ दाबता येतं. पण मेल खरंच तुमचाच आहे का हे पडताळायला समोरचा सर्व्हर तुमच्या डोमेनच्या एसपीएफ आणि डीकेआयएम नोंदी शोधतो, त्या सापडत नाहीत, आणि मेल स्पॅममध्ये टाकतो किंवा परतवतो. डोमेनच अस्तित्वात नाही अशा पत्त्यावरून आलेला मेल बरेच सर्व्हर दारातच नाकारतात.

जुने मेल मात्र ईमेल सेवेच्या सर्व्हरवर सुरक्षित असतात. तिथे पोचायचा नेहमीचा पत्ता `mail.example.com` असेल तर तो चालणार नाही. होस्टिंगवाल्याकडून सर्व्हरचं स्वतःचं नाव घ्या आणि त्यावरून लॉगिन करा. गूगल किंवा मायक्रोसॉफ्टची सेवा असेल तर त्यांच्या लॉगिन पानावरून आत जाता येतं.

आता सगळ्यात घातक गाठ. रजिस्ट्रारच्या खात्याला जोडलेला ईमेल त्याच डोमेनवरचा असेल, तर मुदत संपल्यानंतरची सूचना, पासवर्ड बदलायची लिंक आणि ओटीपी हे सगळं अशा पेटीत जातं जी बंद आहे. कुलपाची किल्ली कुलपाच्या आत. असं झालंच तर रजिस्ट्रारच्या ग्राहक सेवेला फोन करा, जुनं बिल, पैसे भरल्याची पावती आणि ओळखपत्र दाखवून खात्याचा ईमेल बदलून घ्या. याला एक-दोन दिवस जातात, म्हणून हे काम पहिलं.

‘ऑटो-रिन्यू चालू होतं’ तरी का संपलं?

आपल्याकडे याचं एक ठरावीक कारण आहे. १ ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेच्या ई-मँडेटच्या नियमांनुसार कार्डावरून आपोआप होणाऱ्या वसुलीला आधी ग्राहकाची ओटीपीसह मंजुरी नोंदवावी लागते आणि कापण्याच्या किमान २४ तास आधी सूचना द्यावी लागते. अशी मंजुरी नोंदवलेली नसेल तर परदेशी रजिस्ट्रारने कार्डावर केलेली मागणी बँक नाकारते. खात्यात ऑटो-रिन्यूचं बटण हिरवं दिसत राहतं, पण पैसे कापले जात नाहीत. म्हणून मुदतीच्या महिनाभर आधी हाताने पैसे भरणं किंवा रजिस्ट्रारच्या पाकिटात आगाऊ रक्कम ठेवणं हाच खात्रीचा मार्ग.

दुसरं कारण, साइट बनवणाऱ्याने डोमेन स्वतःच्या खात्यात घेतलेलं असतं आणि त्याने धंदा सोडलेला असतो. तेव्हा वरच्या शोधातून रजिस्ट्रारचं नाव काढा आणि त्याला थेट गाठा. नोंदणी तुमच्या नावावर असेल तर बोलणी सोपी. डिझायनरच्या नावावर असेल तर कागदोपत्री मालक तोच, त्यामुळे त्याला शोधून त्याच्याकडूनच नूतनीकरण करून घ्या. भांडण नंतर.

दुसरी पायरी: रिडेम्प्शन

आपल्या उदाहरणात रजिस्ट्रारने ४० व्या दिवशी, १९ एप्रिलला नाव हटवलं असं धरू. अक्षय्य तृतीयेच्या आसपासचे, आंब्याचे ऐन दिवस. आता स्थिती `redemption period` दिसेल. हे ३० दिवस, म्हणजे १९ मेपर्यंत. या काळात नाव यादीतून पूर्ण उतरलेलं असतं, साइट आणि मेल दोन्ही ठार बंद. दुसऱ्या रजिस्ट्रारकडे हलवता येत नाही. कोणी तिसरा ते विकतही घेऊ शकत नाही. परत मिळवू शकतो तो फक्त जुना मालक, आणि तोही जुन्याच रजिस्ट्रारमार्फत.

नूतनीकरणाचं साधं बटण इथे बहुधा चालत नाही. ‘रिस्टोर’ किंवा ‘रिडीम’ असा वेगळा पर्याय असतो, नाहीतर ग्राहक सेवेकडे विनंती नोंदवावी लागते. खर्चात दोन भाग: रिस्टोरचं शुल्क आणि एक वर्षाचं नूतनीकरण. रिस्टोर शुल्क नेहमीच्या वार्षिक दराच्या कित्येक पट असतं, शिवाय भारतीय रजिस्ट्रारकडे १८ टक्के जीएसटी. रक्कम विनंती करण्याआधी लेखी मागवा.

पैसे भरल्यावर रजिस्ट्रार रजिस्ट्रीला विनंती पाठवतो आणि स्थिती `pending restore` होते. त्यानंतर सात दिवसांच्या आत त्याला हटवण्याआधीचा तपशील आणि कारण लिहिलेला अहवाल द्यावा लागतो. तो दिला नाही तर नाव परत रिडेम्प्शनमध्ये जातं. म्हणून पावती हातात आली की काम झालं असं समजू नका. दोन दिवसांनी स्थिती पुन्हा तपासा, `pending restore` तसंच अडकलेलं दिसलं तर रजिस्ट्रारला अहवाल दिला का हे स्पष्ट शब्दांत विचारा. आणि ३० व्या दिवसाची वाट बघू नका. रजिस्ट्रारच्या माणसाने हाताने करायचं काम असेल तर शनिवार-रविवारच मध्ये येतात.

नाव परत आल्यावर

ग्रेसमध्ये सोडवलेलं नाव तासाभरात चालू होऊ शकतं, पण जुन्या नोंदी जपलेल्या सर्व्हरांना दोन दिवसही लागतात. आधी नेमसर्व्हर बघा: रजिस्ट्रारने पार्किंगचे काढून तुमचे परत लावलेत का? बरेचजण आपणहून लावतात, सगळे नाही. मग नोंदी. त्या ठेवणारं डीएनएस रजिस्ट्रारकडेच असेल आणि नाव हटवलं गेलं असेल, तर एमएक्स, एसपीएफ, डीकेआयएम पुसल्या गेल्या असण्याची शक्यता असते. साइट दिसायला लागली म्हणून आनंदाने थांबतात आणि मेल बंदच राहतो, ही नेहमीची चूक. वरची दुसरी `nslookup` ओळ चालवा, मग बाहेरच्या जीमेलवरून एक मेल पाठवा आणि त्याला उत्तर द्या. दोन्ही दिशा तपासल्या पाहिजेत. यासाठी सगळ्या डीएनएस नोंदींचा एक स्क्रीनशॉट आजच काढून डोमेनबाहेरच्या ठिकाणी ठेवा.

साइटचं सुरक्षा प्रमाणपत्रही पाहा. लेट्स एन्क्रिप्टसारखी प्रमाणपत्रं नव्याने घेताना डोमेन तपासलं जातं, बंद काळात ती तपासणी फसते. बंद काळ लांबला असेल तर ब्राउझर धोक्याची सूचना देईल, तेव्हा होस्टिंगच्या पॅनेलमधून प्रमाणपत्र पुन्हा घ्या. शेवटी, ज्या सेवांचे मेल बाउन्स झाले त्यांनी तुमचा पत्ता आपल्या यादीतून बाद केलेला असू शकतो. बिलं, बँकेची विवरणं येताहेत का ते महिनाभर लक्ष ठेवून बघा.

`.in` चा क्रमही असाच आहे: मुदतीनंतरची सवलत, मग रिडेम्प्शन, मग हटवणं. पण आयकॅनचं वरचं धोरण त्याला बंधनकारक नाही, त्यामुळे सूचना आणि दिवसांचं बंधन रजिस्ट्रारच्या अटींवर जास्त अवलंबून असतं. इतर देशांच्या शेपट्यांत तर रिडेम्प्शन असेलच असं धरून चालू नये.

शेवटचे पाच दिवस

१९ मेला रिडेम्प्शन संपलं की स्थिती `pending delete` होते. पाच दिवस. आता पैसे घेऊनही कोणी नाव परत देऊ शकत नाही. २४ मेच्या सुमारास ते मोकळं सुटतं आणि जो आधी नोंदवेल त्याचं. चांगलं नाव असेल तर ते टिपायला यंत्रं टपलेली असतात. ती यंत्रं चालवणाऱ्या सेवांकडे बॅकऑर्डर, म्हणजे नाव सुटताच ते आपल्यासाठी नोंदवण्याची मागणी, लावता येते. दोन-तीन ठिकाणी लावा, कारण एकाच ठिकाणचा भरवसा नाही. बहुतेक सेवा नाव मिळालं तरच पैसे घेतात, पण अटी वाचून घ्या.

या पाच दिवसांत याहून महत्त्वाचं काम दुसरंच आहे. उद्या हे नाव घेणारा माणूस एमएक्स नोंद लावेल आणि तुमच्या पत्त्यावर येणारा प्रत्येक मेल त्याला मिळेल. जुने मेल नाही, पण ‘पासवर्ड विसरलात?’ दाबल्यावर येणारी लिंक नक्की. म्हणून बँक, जीएसटी, आयकर, पेमेंट गेटवे, फेसबुक-इन्स्टाग्रामची पानं, गूगल नकाशावरची दुकानाची नोंद, जिथे जिथे तो ईमेल आहे तिथे लॉगिन करून तो बदला. आधी पैशांच्या जागा, मग बाकीच्या. बदलासाठी जुन्या पत्त्यावर ओटीपी मागणाऱ्या ठिकाणी मोबाइल ओटीपीचा पर्याय असतो का बघा, नसेल तर त्या संस्थेच्या शाखेत किंवा मदत केंद्रात कागद घेऊन जा. नाव परत मिळण्याची आशा असली तरी हे काम थांबवू नका, कारण २४ मेनंतर त्या पत्त्यावर काय येतं ते तुम्हाला दिसणार नाही.